पासिंग एमएच-19, मुक्काम मुंबई

मे महिन्यातल्या एका दुपारी धुळ्याहून आक्काचा फोन आला. आवाज दबका, जणू चोर अजून घरातच आहे. "अरे, माझं ईमेलचं खातं कोणीतरी मुंबईत उघडलंय. तसा इशारा आलाय." मी तिला इशाऱ्यातली वेळ वाचायला सांगितली. एक वाजून दहा मिनिटं. फोनचं मॉडेल? तिच्याच फोनचं. "एक वाजून दहा मिनिटांनी तू काय करत होतीस?" आक्का थोडं थांबली. "नवीन पासवर्ड टाकून ईमेल उघडत होते." चोर धुळ्याच्या देवपुरातच सापडला.

मग तिला समजावणं आलं. तू फोनवर एखादं पान उघडतेस, तेव्हा त्या पानाला तुझं घर दिसत नाही, फक्त आयपी पत्ता दिसतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगभरात मिळून सुमारे 430 कोटी. फोन त्याहून जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या एकेका पत्त्याआड शेकडो गिऱ्हाइकं बसवतात. देवपूरच्या टॉवरवरून तुझं बोलणं तारेतून निघतं ते कंपनीच्या मुंबईतल्या दारापर्यंत जातं, आणि त्या दारातून बाहेर पडताना त्याला तो सामायिक पत्ता चिकटतो. बाहेरचं जग दार बघतं, तुला नाही.

"म्हणजे गाडीच्या पासिंगसारखं," आक्का म्हणाली. "एमएच-19 गाडी पुण्यात दिसली म्हणून पुणं जळगाव होत नाही." मला यापेक्षा बरी उपमा सुचली नसती.

घरच्या वायफायला दुसरी गंमत आहे. माझ्या जळगावच्या घरी बसून पत्ता तपासला की पडद्यावर धुळे येतं. पत्ते सुटे विकत नाहीत, गठ्ठ्याने मिळतात. 256 चा गठ्ठा अगदी नेहमीचा. इंटरनेटवाल्याने धुळ्यात वापरलेला गठ्ठा गरज पडली म्हणून जळगावला हलवला, तर पत्ते आणि शहरं जुळवणाऱ्या याद्यांना ते कळायला वेळ लागतो. याद्या ठेवणारेही अनेक, म्हणून एकच पत्ता एका यादीत धुळे, दुसरीत नाशिक, तिसरीत मुंबई. तीन याद्या तीन गावं सांगू लागल्या की समजावं, कोणालाच नक्की ठाऊक नाही. त्यात नावांचा घोळ वेगळाच: बुलढाणा जिल्ह्यात आमच्याच नावाचं जळगाव जामोद आहेच.

पण खरी फजिती यादीला काहीच ठाऊक नसतं तेव्हा होते. समजा एवढंच कळलं की पत्ता भारतातला आहे. नकाशावर टाचणी तर टोचायला हवी! मग देशाचा ढोबळ मध्य घेतात. अमेरिकेच्या सरकारी फॅक्टबुकमध्ये भारताचा ठिकाणा 20 अंश उत्तर, 77 अंश पूर्व असा दिलेला होता. नकाशात बघितलं तर ही जागा वाशिमच्या आसपास येते. यावर विश्वास ठेवला, तर ठावठिकाणा नसलेला अवघा भारत वाशिमजवळच्या कुठल्याशा शिवारात गोळा होईल.

हसण्यावारी नेऊ नका, अमेरिकेत नेमकं हेच झालं. मॅक्समाइंड नावाच्या यादीवाल्या कंपनीने ठाव न लागलेले सुमारे 60 कोटी पत्ते देशाच्या ढोबळ मध्यावर टाकले होते. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. फसवणुकीने चिडलेले, पोलीस, सगळे वर्षानुवर्षं त्या दारात. 2016 मध्ये हे उघडकीस आलं, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन टाकला. मासे तक्रार करत नाहीत.

म्हणून मी भरवशाची उतरंड लावली आहे. देश बहुधा बरोबर, मधे व्हीपीएन नसेल तर. राज्य ठीकठाक. शहर म्हणजे पारावरची बातमी, आणि घर तर मुळीच नाही. गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं तर पोलिसांनाही पत्त्याबरोबर नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक घेऊन कंपनीची नोंदवही उघडायला लावावी लागते. नकाशातला निळा ठिपका निराळा; तो उपग्रहांवरून आणि आसपासच्या वायफायवरून ठरतो. त्याची परवानगी बंद केली की हवामानाचं पान पुन्हा आयपीवर विसंबतं आणि 44 अंशांत भाजणाऱ्या जळगावकराला मुंबईचे 33 दाखवून चिडवतं.

आपण सामायिक दारामागे आहोत का, हे राउटरच्या पानावर कळतं. तिथला बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आहोत. आमच्या घरी आहे.

मुलगा म्हणतो, कंपनीला कळवून ते धुळे दुरुस्त करून घ्या. मला घाई नाही. 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याची मुख्य कचेरी धुळ्यालाच होती. यादी चुकीची नाही, थोडी जुनी आहे इतकंच.