अडीच ब्रास

गणिताचा निवृत्त शिक्षक घराभोवती चर खणतोय हे कळलं की शहाण्या माणसानं काही दिवस त्या गल्लीतून जाऊ नये. आमच्या गल्लीला हे फार लवकर कळलं. मी वही घेऊन फाटकात उभा दिसलो की ओळखीचे स्कूटरवाले मागच्या बोळातून जायला लागले.

माझं म्हणणं साधं होतं. घर ३० फूट बाय ४० फूट, परीघ १४० फूट. एवढ्यावरून दुकानात जाऊन १४० फूट पाइप मागणारा माणूस दहावी पास झालाच कसा? चर काही भिंतीला चिकटून खणत नाहीत. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. पायाला लागून चर खणला, तर पायाखालची माती कधी भिजणार, कधी सुकणार, आणि भिंतीला तडे जाणार. म्हणून भिंतीपासून चार फूट सोडायचे. मग चराचा आयत होतो ३८ बाय ४८ आणि त्याचा परीघ १७२ फूट. म्हणजे ३२ फूट जास्त. आणि खरी गंमत पुढेच आहे. हे जास्तीचे फूट घराच्या आकारावर ठरत नाहीत. सोडलेल्या अंतराच्या आठपट, एवढंच. पानठेल्याभोवती चार फूट सोडून खणा नाहीतर इंग्रजांनी १८२१ साली वसवलेल्या आमच्या छावणीतल्या एखाद्या लांबलचक बराकीभोवती, जास्तीचे फूट ३२ च. हे मी दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही सांगितलं. हिनं मधेच विचारलं, "अहो, त्यांना चहा तरी घेऊ द्याल का?"

तर पाइप १७२ फूट, म्हणजे सुमारे साडेबावन्न मीटर. चार इंची पीव्हीसी पाइप सहा मीटरच्या नगात मिळतो, म्हणून नऊ नग. एकात एक बसवताना प्रत्येक जोडाला दोन-तीन इंच आत जातात, तरीही नऊ पुरतात. शिवाय खालच्या कोपऱ्यापासून रस्त्याकडेच्या नालीपर्यंत २५ फूट, तिथे मात्र भोकं नसलेला साधा पाइप. गोळा केलेलं पाणी वाटेतच जमिनीला परत करायचं नसतं.

मग गिट्टी. वरच्या कोपऱ्यापासून दोन हात निघून घराला कवेत घेतात आणि समोरच्या, खालच्या कोपऱ्यात भेटतात. प्रत्येक हात ८६ फुटांचा. पुस्तकी उतार शंभराला एक. म्हणजे ८६ फुटांत साधारण दहा इंच उतरायचं. वर दीड फूट खोल सुरुवात केली तर खाली २८ इंच. सरासरी २३ इंच, रुंदी एक फूट. घनफळ ३३० घनफूट, त्यातून पाइपाची जागा १८ घनफूट वजा, दाबून बसण्यासाठी दहा टक्के जादा. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला, तर जवळपास साडेतीन ब्रास. वहीत या उत्तराखाली मी दोन रेघा ओढल्या. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांत ओढल्या होत्या, आता स्वतःच्या.

मिस्त्री आले. घराकडे त्यांनी पाहिलंही नाही. फाटकाबाहेर गेले, नालीत वाकून पाहिलं, पायानं कचरा बाजूला केला आणि म्हणाले, "अडीच ब्रास लागन सर."

मी वही पुढे केली. त्यांनी ती आदरानं हातात घेतली आणि तशीच परत दिली.

इथे मला न्यायमूर्ती फ्रेंच आठवले. तुम्हाला ते आठवण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो. गिट्टी आणि भोकांचा पाइप घातलेल्या या चराला जगभर 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात आणि फ्रान्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच हे अमेरिकेतले वकील, न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीशही झाले. शेतीचं वेड. शेतात साचणाऱ्या पाण्याचं काय करायचं, यावर त्यांनी १८५९ साली अख्खं पुस्तक लिहिलं. दगड भरलेले चर त्यांनी शोधले नव्हते, ते फार जुने. पण किती खोल खणायचं, उतार किती, कौलाच्या नळ्या कशा मांडायच्या, हे त्यांनी न्यायालयात पुरावा मांडावा तसं मांडलं. विचार करा, भर कोर्टात वादी-प्रतिवादी भांडताहेत आणि न्यायमूर्तींच्या मनात उतार शंभराला एक की दोनशेला एक! मला हा माणूस फार जवळचा वाटतो. पुढे ते मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले, नंतर वॉशिंग्टनला अर्थखात्यात मोठ्या पदावर गेले. पण त्यांना ओळखतं कोण? त्यांचा मुलगा डॅनियल चेस्टर फ्रेंच शिल्पकार झाला. वॉशिंग्टनला लिंकनचा तो खुर्चीत बसलेला भव्य संगमरवरी पुतळा आहे ना, १९२२ साली लोकांसाठी खुला झालेला, तो याचा. मुलाच्या कामापुढे अख्खं जग फोटो काढतं. बापाचं काम मातीखाली. ते दिसायला लागलं तर समजायचं, कुठेतरी तुंबलंय.

हे सगळं मी मिस्त्रींनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग जजसाहेबानं नाली पाह्यली होती का?"

पारदर्शक नळीत पाणी भरून आम्ही लेव्हल घेतली. नालीचा तळ अंगणापेक्षा २४ इंच खाली होता. माझ्या हिशेबानं चराच्या तळाशी दोन इंच गिट्टीवर ठेवलेला पाइप खालच्या कोपऱ्यात २६ इंचांवर आणि नालीपर्यंत जाता जाता २९ इंचांवर गेला असता. म्हणजे नालीच्या तळापेक्षा पाच इंच खाली. पाणी माझ्या वहीत वाहिलं असतं, बाहेर नाही. मिस्त्रींनी उतार दोनशेला एक धरला, सुरुवात १५ इंचांपासून. हात ८६ फूट उतरून २० इंचांवर येतो, पाइप १८ वर, नालीशी साडेएकोणीसवर. चार-साडेचार इंच अजून हातात. सरासरी खोली साडेसतरा इंच. पाइप वजा करून, दहा टक्के मिळवून २५६ घनफूट. अडीच ब्रास आणि वर मूठभर.

लांबी घर ठरवतं, पण गिट्टी नाली ठरवते. हे वाक्य माझं आहे. मिस्त्रींनी फक्त उत्तर दिलं होतं. हा फरक मी गल्लीत सगळ्यांना समजावून सांगितला आहे.

उतार कमी केला की गाळ बसतो, म्हणून कोपऱ्यात काटकोनी एल्बो न लावता दोन-दोन अर्धे बेंड लावले आणि वरच्या कोपऱ्यात झाकणाचा उभा पाइप काढला, तुंबलं तर तिथून होजनं पाणी मारता यावं म्हणून. दुकानात भोकांचा पाइप नव्हता, साध्यालाच ड्रिलनं आठ मिलिमीटरची भोकं पाडली. घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या बाजूंना दोन रांगा, दर पाच-सहा इंचांवर. पाइप ठेवायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा भोकं वर करून ठेवायला लागला. मी ओरडलो. तो म्हणाला, "काका, भोकं खाली ठेवली तं पानी गळून नाही का जाईन?" मिस्त्री हसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांगा सर." शिक्षकाला याहून मोठा मान नाही. मी पोराला चरात बसवूनच सांगितलं. पाणी वरून पाइपात पडत नाही. ते गिट्टीतून तळाशी जातं आणि तिथून वर चढत येतं. भोकं वर असतील तर पाइप पूर्ण बुडेपर्यंत पाणी आत शिरणारच नाही, आणि तोवर तेवढं पाणी चरातच उभं राहील. तो म्हणाला, "मंग असं पयले सांगा ना."

गिट्टी ट्रॉलीनं आली. ट्रॉली म्हणजे एक ब्रास, असं ट्रॅक्टरवाला म्हणाला. मी टेप घेऊन डाल्यात चढलो. दहा फूट, सहा फूट, दीड फूट. ९० घनफूट! खाली पन्नास लोक असल्यासारखं मी ते जाहीर केलं. खाली ट्रॅक्टरवाला आणि एक गाय होती. तीन ट्रॉल्या म्हणजे २७० घनफूट, लागणार २५६, म्हणजे भरलं ते पुरलंच असतं. पण आकड्यावर अन्याय मला बघवत नाही.

मापापेक्षा महत्त्वाची होती चुरी. वीस मिलिमीटरची गिट्टी हवी, सगळी साधारण एका आकाराची आणि धुतलेली. दगडाची भुकटी मिसळून आली की पोकळ्या बुजतात. ओळखायला दहा लिटरची बादली गिट्टीनं काठोकाठ भरायची आणि मग मोजून पाणी ओतायचं. चार लिटरच्या आसपास मावलं तर गिट्टी चांगली. तीनच मावलं आणि पाणी खिरीसारखं झालं तर परत पाठवायची. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव लावलेला खडक आहे, कामठीचा वालुकाश्म. पण अभिमान बाजूला ठेवून सांगतो, या कामाला काळा बेसाल्टच हवा. वालुकाश्माचे दाणे सुटतात. चराला आतून न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड अंथरलं, गिट्टी भरल्यावर वरून दुमडलं आणि त्यावर तीन इंच उघडी गिट्टी. कापड नसतं तर काळी माती दोन-चार पावसाळ्यांत आत शिरली असती.

शेजारच्यांनी सुचवलं, छताचं पाणीही यातच सोडा. मला वही उघडायची संधी मिळाली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात पाऊस कोसळला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवतं. तसा शंभर मिलिमीटर पाऊस आमच्या १२०० चौरस फुटांच्या छतावर पडला तर ११,००० लिटर पाणी होतं. चरातल्या गिट्टीच्या पोकळ्यांत मावतं २,६०० लिटर. छताचं पाणी भोकांच्या पाइपात सोडणं म्हणजे स्वतःच्या पायाला पाणी पाजणं. त्याला वेगळा, बिनभोकाचा पाइप. आणि हेही खरं, की चरामुळे काळी माती कोरडी होत नाही. ओली झाली की ती पाणी सोडतच नाही. वरच्या थरातून आणि अंगणातून घराकडे सरकणारं पाणी तेवढं चर अडवतो. अंगणाचा उतार भिंतीकडे असेल तर आधी तो बदलायचा.

पण या चराची गरज का पडली? बाबांनी हे घर बांधलं तेव्हा लोक त्यांना हसले होते, जोतं एवढं उंच कशाला म्हणून. रस्त्यावरून अंगणात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. घरात पाण्याचा थेंब आला नाही. मग रस्ता झाला. जुना न खरवडता त्याच्यावर नवा, नव्यावर आणखी नवा, शेवटी सिमेंटचा. नाली त्याच्याबरोबर वर आली. आता रस्त्यावरून अंगणात उतरावं लागतं. घर खचलेलं नाही, मी मोजलंय. बाबांनी पगारातून पैसे काढून जी उंची विकत घेतली होती, ती कोणी न विचारता, न सांगता काढून घेतली, आणि त्याची पावतीसुद्धा नाही. रस्ता खरवडून पूर्वीच्या लेव्हलला करा, असा अर्ज मी केला होता. त्यावर उत्तर आलं, की सदर काम नियमानुसार झालेलं आहे. त्या दिवशी मी वही उघडली नाही.

पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन नालीशी उभा होतो. आधी गढूळ पाणी आलं, तासाभरानं स्वच्छ. भिंतीची ओल यंदा विटांच्या दोन थरांनी खाली आहे. मुसळधार पावसात नाली भरून वाहते तेव्हा पाणी उलट येऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडाला झडप बसवली आहे. झडप बंद असते तेवढा वेळ चरानं आपलं पाणी आपणच धरायचं.

गल्लीतला रस्ता पुन्हा होणार म्हणतात. मिस्त्रींनी खालच्या कोपऱ्यात झाकण घालून एक चेंबर ठेवलंय, दोन फूट बाय दोन फूट, पाइपाच्या तळाखाली आणखी दोन फूट खोल. "हे कशाला?" मी विचारलं, तर म्हणाले, "पंपाला. साहेब लोक अजून पाच इंच वर गेले तं लागनच." दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ घनफूट, म्हणजे साधारण २२६ लिटर. एक अश्वशक्तीचा पंप ते काही मिनिटांत उपसेल. किती मिनिटांत, ते मी काढून ठेवलंय. कोणाला हवं असेल तर मी संध्याकाळी फाटकातच असतो.