वेड्या कूलरवाल्याच्या बाजूने

जुन्या गिऱ्हाइकांना नवी सेवा कळवायला शहाण्या दुकानदाराला पाच मिनिटं पुरतात. फोनमधले सगळे नंबर एका यादीत टाकायचे, वर फुलांचं चित्र, मध्ये 'आदरणीय ग्राहकहो', खाली 'ऑफर मर्यादित काळासाठी' आणि पाठवून मोकळं व्हायचं. मला मात्र दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे. तो याच कामात तीन आठवडे घालवतो. कित्येकांना कळवतच नाही आणि ज्यांना कळवतो त्यांतल्या काहींना 'यंदा तुम्हाला गरज नाही' असंही सांगून टाकतो. बाजारात याला वेडेपणा म्हणतात. मी त्या वेडेपणाच्या बाजूने आहे.

भद्रावतीतला एखादा कूलर दुरुस्त करणारा डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना ज्याने काढला आहे, त्याला कूलरचं महत्त्व समजावून सांगायला नको. इथे एप्रिलमध्ये दुकानासमोर कूलरची रांग लागते. लोक पत्र्याचं ते धूड ऑटोत घालून आणतात आणि मेकॅनिक रात्री दहापर्यंत मोटरी खोलत बसतो. यंदा त्याने ठरवलं की फेब्रुवारी-मार्चमध्येच घरी जाऊन कूलर तयार करून द्यायचा. टाकी घासायची, क्षार बसून दगड झालेलं वूड वूल काढून नवं भरायचं, पंप सोडून पाणी तिन्ही बाजूंना सारखं उतरतं का बघायचं, पंख्याच्या मोटरला तेल द्यायचं आणि अर्थिंग तपासायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत मोलाचं, कारण ओल्या पत्र्यात उतरलेला करंट जीव घेतो.

सेवा चांगली आहे. ती सांगायची कशी, हा प्रश्न आहे. आमचा वेडा फोन बाजूला ठेवतो आणि गेल्या दोन उन्हाळ्यांची बिलबुकं काढतो. कार्बनच्या निळ्या प्रतीवर नाव असतं, तारीख असते आणि काय केलं तेही असतं: 'पंप नवा', 'कंडेन्सर बदलला', 'टाकीला खालून भोक, डांबर लावलं'. शहाण्याकडे नंबर आहेत. याच्याकडे प्रत्येक कूलरचा इतिहास आहे.

मग तो एक बिल समोर ठेवून एक निरोप लिहितो:

'नमस्कार काकाजी. मी हायवेवरचा कूलरवाला. मागच्या एप्रिलमध्ये तुमच्या कूलरच्या टाकीला खालून डांबर लावून दिलं होतं. ते एकच उन्हाळा टिकेल असं तेव्हा बोललो होतो. यंदापासून मी मार्चमध्ये घरी येऊन कूलर तयार करून देतो, ऑटोचा खर्च वाचतो. मजुरी चारशे, वूड वूलचे पैसे वेगळे. टाकीचा पत्रा बदलायचा निघाला तर आधी सांगीन, मग हात लावीन. नको असेल तर नुसतं नको म्हणा, पुन्हा निरोप पाठवणार नाही.'

या निरोपात 'आदरणीय' नाही, उद्गारचिन्ह नाही, चित्रही नाही. पहिल्या दोन वाक्यांत तो कोण आणि आपला संबंध काय, हे कळतं. जुनं काम आठवताना तो त्यातली उणीवही सांगतो. दर आहे, दरात काय येत नाही ते आहे आणि नकार द्यायची सोय आहे. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरी त्याने गेल्या मे महिन्यात पंप आणि वूड वूल दोन्ही नवं टाकलं होतं. तिथे तो लिहितो: 'ताई, तुमचं सामान गेल्याच वर्षीचं आहे, यंदा टाकी धुऊन वापरा, चालेल. फक्त अर्थिंग तपासून घ्या. मी आता घरी येऊन कामं करतो, पुढच्या वर्षी लागलं तर सांगा.' हातचं काम त्याने स्वतःहून सोडलं. यापेक्षा मोठा वेडेपणा दुकानदारीत सापडणार नाही. आणि त्या ताई हा निरोप शेजारणीला दाखवतील, असं मला ठामपणे वाटतं.

निरोप घाऊक आहे की नाही, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. वरचं नाव खोडून शेजाऱ्याचं नाव घाला. बाकी मजकूर तरीही जसाच्या तसा लागू पडत असेल, तर ती जाहिरातच आहे, सुरुवातीला 'काकाजी' घातल्याने ती पत्र होत नाही. दुसरी खूण उत्तरात दिसते. लोकांनी 'कोण?' असं विचारलं, तर ओळखीचं वाक्य फसलं आहे. दुरुस्त तेवढंच करायचं, दर उतरवायच्या मागे लागायचं नाही.

बिलबुकातली काही पानं तो बाजूला ठेवतो. आयुधनिर्माणीच्या क्वार्टरमधले बदलून गेलेले, घरी एसी लावलेले. ज्या घरी माणूस गेल्याचं कळलं, तिथे त्या माणसाच्या नावाने निरोप जाऊ देत नाही. ज्यांचं काम बिघडलं होतं आणि तक्रार अजून मिटलेली नाही, त्यांना तो सेवा कळवत नाही. त्यांच्या दारी आधी जातो आणि जुनं काम फुकट नीट करून देतो. तक्रार तशीच ठेवून नवी सेवा कळवली, तर आजवर गप्प बसलेला माणूसही बोलायला लागतो, आणि ते योग्यच आहे.

त्याचा तिसरा वेडेपणा म्हणजे तो रोज थोड्यांनाच कळवतो. हिशेब असा: तो आणि एक पोरगा, एका कूलरला जाण्यायेण्यासकट दीड तास धरला तर दिवसाला पाच कूलर होतात. तिघांतला एक हो म्हणेल असं धरलं, तर दिवसाला पंधराच निरोप. तीनशे निरोप एकाच संध्याकाळी सोडले आणि शंभरांनी हो म्हटलं, तर शेवटच्या माणसाची पाळी वीस दिवसांनी येते. तोवर उन्ह तापतं आणि 'मार्चमध्ये घरी येतो' हे वाक्य खोटं ठरतं. घाऊक जाहिरातीत हे खोटेपण दडलेलंच असतं: सगळ्यांना एकाच वेळी दिलेला शब्द दोन हातांनी पाळता येत नाही.

शहाण्याचा मार्ग तसा सोपाही नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात आणि निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच. कूलरवाल्याचा नंबर किती घरांत साठवलेला असतो? घाऊक एसएमएस पाठवायचा, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याचीही आधी नोंदणी करावी लागते. शिवाय देवनागरीत एका एसएमएसला 70 अक्षरं मिळतात. काकाजींच्या टाकीचं भोक तेवढ्यात मावत नाही.

पोस्टाने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. हाताने लिहिलेलं साधं कार्ड पन्नास पैशांत जातं, त्यावर मजकूर छापला की दर सहा रुपये. सरकारी दरपत्रकात ओळखीच्या बोलण्याला दिलेली एवढी सवलत मला फार आवडते.

भद्रावतीतल्या, वरोऱ्यातल्या, माजरीच्या कॉलनीतल्या ज्या कुणाला यंदा नवं काही सुरू करायचं असेल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. होळीच्या आधी बिलबुकं काढा. ज्यांची तक्रार राहिली आहे त्यांची पानं सगळ्यांत वर ठेवा आणि उद्या सकाळी निरोप लिहिण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.