थांबा सर!

गणिताच्या प्रत्येक वर्गात एक शंकेखोर असतो. तो वही उघडत नाही, पेन मागत नाही. सरांनी फळ्यावर शेवटची ओळ लिहिली, की त्याचा हात वर जातो. साइनच्या अनंत गुणाकाराचा तास म्हणजे तर त्याचा सणच.

सर भाबडेपणानं सुरुवात करतात. sin x ला x नं भागलं की जे फल मिळतं ते 0 पाशी 1 असतं आणि π, −π, 2π, −2π अशा ठिकाणी शून्य होतं. बहुपदी असती तर आपण मुळागणिक एकेक अवयव पाडला असता. तसाच इथंही पाडू:

sin x / x = (1 − x²/π²)(1 − x²/4π²)(1 − x²/9π²)…

डावीकडच्या मालिकेत x² चा सहगुणक −1/6. उजवीकडचे कंस उलगडले तर तोच येतो −(1/π²)(1 + 1/4 + 1/9 + …). म्हणजे कंसातली बेरीज π²/6. वर्ग खूश. हात वर.

"थांबा सर. ही बहुपदी नाहीये."

"अरे, 1735 मध्ये खुद्द ऑयलरनं असंच केलं!"

थोरामोठ्यांची भीड शंकेखोराला नसतेच. तो उठून फळ्यापाशी येतो आणि डाव्या बाजूला e^(x²) नं गुणतो. हे कधीच शून्य होत नाही, म्हणून मुळं तीच. 0 पाशी किंमत 1, तीही तीच. मग तुमच्या न्यायानं गुणाकारही तोच. फक्त x² चा सहगुणक आता 1 − 1/6, म्हणजे 5/6. तर बेरीज किती? −5π²/6. सगळी पदं धन, बेरीज ऋण! खाली बसताना तो मिशीत हसतो. मिशी नसली तरी.

खरं सांगायचं तर त्याची बाजू भक्कम आहे. साइनला छुपी काल्पनिक मुळं नाहीत कशावरून, असं बर्नुली घराण्यातल्यांनीही ऑयलरला विचारलं होतं. ऑयलर मात्र निर्धास्त होता, कारण त्यानं ही बेरीज आधीच आकडेमोडीनं 1.644934 पर्यंत काढली होती आणि π²/6 नेमकं तेवढंच भरत होतं. शिवाय x = π/2 घातलं की वॉलिसचं जुनं सूत्र हातात पडत होतं. पण ताळा जमला म्हणजे सिद्धता झाली, हे शंकेखोराला मान्य नाही. मुळांवरून फल ठरवायचं तर ते किती वेगानं वाढतं हेही पाहावं लागतं. e^(x²) तिथंच बाद होतं. हे नीट मांडायला 1876 मधला वायरश्ट्रास लागला.

सर घाम पुसत पुढे जातात: x⁴ चे सहगुणक जुळवले की चौथ्या घातांच्या व्यस्तांची बेरीज π⁴/90 मिळते. हात पुन्हा वर.

"आणि घनांची?"

गुणाकारात x चे समघातच येतात, त्यामुळे ही युक्ती तिथं चालत नाही. ती संख्या अपरिमेय आहे एवढं अपेरीनं 1978 मध्ये दाखवलं, पण π मधलं सूत्र आजवर कुणालाच सापडलेलं नाही, असं सर पडेल आवाजात सांगतात. तेव्हा कुठं शंकेखोर वही उघडतो आणि सरांकडे पेन मागतो.