काल साखर राहिली

काही वर्षांपूर्वी एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी ‘वाटीभर साखर’ नावाचा विनोदी लेख लिहिला होता. १९८०च्या आसपासचा काळ, पुण्यातला आमचा वाडा आणि हातात रिकामी वाटी घेऊन साखर मागायला येणाऱ्या शेजारच्या काकू, एवढंच त्यात होतं. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो आणि वाड्यातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. लेख छापून आला, चार लोक हसले आणि संपादकांनी मानधनाच्या जागी अंकाच्या दोन प्रती पाठवल्या.

यंदा आवराआवरीत त्यातली एक प्रत सापडली. बायकोनं ती उभ्याउभ्याच वाचली. ती हसली नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, “कोथिंबिरीची जुडी घरात होती असं तूच लिहिलंयस. मग आईंनी तुला कोथिंबीर आणायला कशाला पाठवलं?”

असल्या प्रश्नावर विनोदी लेखकानं काय बोलावं? “अगं, गंमत आहे ती,” असं म्हणून मी अंक हातातून काढून घेतला आणि गुपचूप पुन्हा वाचला.

लेखातला प्रसंग असा होता. दुपारी चारच्या सुमाराला काकू वाटी घेऊन यायच्या. माझं निदान सरळ होतं: चहाची वेळ साधून येतात. खुर्ची रिकामी असली तरी त्या डुगडुगत्या स्टुलावरच बसायच्या. स्टूल होतं फोनच्या फळीशेजारी. वाड्यात फोन आमच्याकडे एकट्याकडेच होता, त्यामुळे निम्म्या वाड्याच्या कार्डांवर आमचाच नंबर ‘पीपी’ म्हणून लिहिलेला असे. काकू बसल्या की आई रेडिओ बारीक करायची आणि मला म्हणायची, “बाळ्या, पळ, कोथिंबीर घेऊन ये.” इकडे मोरीजवळ तांब्यात कोथिंबिरीची जुडी पाणी पीत उभी असायची. फोन उचलायचा हक्क माझा, पण मी जिन्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच घंटा वाजली तर आई आतून ओरडायची, “वहिनी, तुम्हीच घ्या हो, माझे हात पिठाचे आहेत!” काकू फोन घ्यायच्या आणि नुसतं “हं... हं... बरं... जेवतेस ना?” एवढंच बोलायच्या. एरवी नळावर तासभर बोलणारी बाई फोनवर मात्र शब्द मोजून वापरते, यावर मी लेखात दीड परिच्छेद खर्च केला होता. फोन झाला की काकू लगेच उठून जायच्या, आणि साखरेनं भरलेली वाटी तिथेच फळीवर राहायची. दुसऱ्या दिवशी दारात हजर: “काल साखर राहिली.” साखर न्यायला आलेली बाई साखरच विसरते, हा माझ्या लेखाचा शेवट. हशा.

आता दुपारी चारला कोण कणीक मळतं?

हा प्रश्न मला चाळीस वर्षांनी पडला. मग ठरवलं की तोच प्रसंग काकूंच्या बाजूनं लिहून बघायचा. मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) राजा एक सांगतो, देवयानी दुसरं आणि शर्मिष्ठा तिसरंच. अकुतागावाच्या १९२२च्या गोष्टीवरून कुरोसावानं ‘राशोमोन’ काढला, त्यात तर एकाच खुनाच्या हकिकती एकमेकींना खोटं पाडतात. मला तितक्या खोलात जायचं नव्हतं. आमच्या वाड्यात खून झाला नव्हता, आणि घडलं ते जसंच्या तसं घडलंच होतं. फक्त त्याचा अर्थ बदलायचा होता. म्हणून मी स्वतःवर एक बंधन घातलं: पहिल्या लेखात नाही असा एकही प्रसंग घालायचा नाही. बोललेली वाक्यं, स्टूल, फोन, पीठ, जुडी, वाटी, सगळं तेच राहील. काकूंच्या मनात काय चाललं होतं आणि त्या स्टुलावर येऊन बसण्याआधी कुठे होत्या, तेवढंच नवं.

पहिला खर्डा भयंकर झाला. माझ्या काकू पहिल्याच ओळीत म्हणाल्या, “बाळा, तुला काय ठाऊक आईचं काळीज!” पुढे दोन पानं त्या मला समजावत होत्या, रडत होत्या आणि माझ्या लेखातल्या एकेका विनोदाला उत्तर देत होत्या. मी सकाळी वाचलं आणि लाज वाटली. त्या काकू नव्हत्याच, माझ्या अपराधी मनानं नेमलेला वकील होता तो. आणि मुख्य घोटाळा म्हणजे काकूंना माझा लेख ठाऊक असायचं कारणच नव्हतं. खऱ्या काकू त्या दुपारी माझा विचार कशाला करतील? त्यांना काकांच्या खोकल्याचा विचार करायचा होता.

हे सुचलं आणि गाडी रुळावर आली. काका निवृत्त, दिवसभर गॅलरीत आरामखुर्चीत. बायको घराबाहेर निघाली की विचारणार, “कुठे?” हातात रिकामी वाटी असली की हा प्रश्न येत नाही. वाटी हेच उत्तर. दुसऱ्यांदा मी लिहिलं ते असं:

*ह्यांचा डोळा लागला की खोकला थांबतो. तो थांबला तशी मी वाटी घेतली. नागपूरचा फोन आज येईल असं पोरीनं लिहिलंय, पण ट्रंक कॉलचा भरवसा नसतो, दुपारी लावला की लागेल तेव्हा लागेल. सासूबाई झोपल्यावर शेजारच्या दवाखान्यातून लावते बिचारी. स्टूल हलतं, पण त्यावर बसलं की पहिल्या घंटेला हात पोचतो. बाळ्याची आई पिठात हात घालून बसलेली. बरंच झालं. पोरगंही कुठेतरी बाहेर गेलं. माझं नशीबच म्हणायचं. तीन मिनिटांत तिनं बोलायचं की मी? तिलाच बोलू दे. मी आपली हं म्हणते. जेवते म्हणाली. आवाज जेवल्यासारखा नव्हता.*

लिहून झाल्यावर मी लाल पेन्सिल घेऊन दोन्ही लेख शेजारी ठेवले. दुसऱ्यातली प्रत्येक गोष्ट पहिल्यातल्या कुठल्या वाक्यावर उभी आहे, ते बघत गेलो. स्टूल मी लिहिलं होतं. चारची वेळही लिहिली होती, फक्त ती चहाच्या नावावर मांडली होती. “हं, हं” तर मीच ऐकलं होतं. ट्रंक कॉलचे पैसे तीन मिनिटांच्या हिशेबानं पडायचे, आणि ज्याची मिनिटं मोजलेली असतात त्याला बोलू द्यायचं असतं, हे त्या पोराला माहीत नव्हतं. फोन वाजला नाही त्या दिवशी काकू अर्धा तास बसायच्या आणि वाजला की लगेच उठायच्या, हेसुद्धा माझंच वाक्य. मी ते ‘लहरीपणा’ या सदरात टाकलं होतं. नागपूर मात्र कशावरच उभं नव्हतं. काकूंची लेक तिकडे दिलेली होती हे मला ठाऊक होतं, पण लेखात मी ते लिहिलंच नव्हतं. तेव्हा मी पहिल्या लेखात एक बिनमहत्त्वाचं वाक्य घुसवलं: काकूंच्या घरातून संत्र्याच्या बर्फीचा वास यायचा तेव्हा मी अभ्यास सोडून तिकडे जायचो. दुसऱ्या लेखाचा पुरावा पहिल्यात आधीच ठेवावा लागतो, आणि ठेवणाऱ्यानं त्याला पुरावा समजता कामा नये. पोरानं तो बर्फी म्हणूनच खावा.

एक गोष्ट मला नंतर लक्षात आली आणि तीच मला जास्त आवडली. काकूंनाही सगळं दिसत नव्हतं. “बाळ्याची आई पिठात हात घालून बसलेली, माझं नशीब.” त्यांना तो योगायोग वाटला. मला तो आईचा आळस वाटला होता. दोन निवेदक, दोघंही चुकलेले, आणि दोघांच्या मधे आई दिसते: चार वाजता परातीत उगाच कणीक कालवणारी, रेडिओ बारीक करणारी, जुडी असताना जुडी आणायला पाठवणारी. तिच्याबद्दल ना मी काही बोललो, ना काकू. तिसरा लेख आईच्या बाजूनं लिहायचा मोह झाला होता. लिहिला नाही. तिनं स्वतः सांगितलं असतं तर ते नुसतं औदार्य झालं असतं. न सांगितल्यामुळे ते वाचकाला सापडतं.

आणखी एक शोध जरा दुखरा होता. पहिल्या लेखात मी नायक होतो. दुसऱ्यात माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं: “पोरगंही कुठेतरी बाहेर गेलं.” चारदा वाचलं. वाढवावंसं वाटलं. पण काकूंच्या दुपारीत माझी जागा तेवढीच होती, आणि तीही मी नसण्याची.

शेवट मी असा केला: फोन ठेवताना काकूंचे डोळे भरून येतात, आणि त्या भरात साखर फळीवरच राहते. पहिल्या लेखात हसू आणणारा विसरभोळेपणा दुसऱ्यात गलबलून टाकतो. मी स्वतःवर इतका खूश झालो की दोन्ही लेख घेऊन आईकडे गेलो.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. भिंग लावून सावकाश वाचते. पिठाच्या जागी किंचित हसली, बाकी काही नाही. शेवटाला आली आणि थांबली.

“विसरली असं का लिहिलंयस?”

“डोळे भरले होते ना त्यांचे. मन थाऱ्यावर नव्हतं.”

“चल! विसरायला ती काय वेडी होती? ठेवून जायची मुद्दाम.” भिंग बाजूला ठेवत ती म्हणाली, “रोज रोज साखर संपली म्हटलं तर ते काका विचारायचे नाहीत का, एवढी साखर खातं कोण? काल साखर राहिली म्हटलं की परत येता यायचं.”

मी पहिला लेख उघडला. होतं तिथे. “दुसऱ्या दिवशी दारात हजर: काल साखर राहिली.” माझंच वाक्य. नवव्या वर्षी त्यावर मी हसलो होतो आणि पन्नाशीत त्यावर डोळे पुसले होते. वाचलं दोन्ही वेळा नव्हतं.

“तुला सगळं माहीत होतं तर मग,” मी म्हटलं.

“त्यात काय माहीत असायचंय?” आई म्हणाली आणि अंक माझ्या हातात परत दिला. “तू मात्र कोथिंबीर नेहमी जून आणायचास. ते कुठे लिहिलं नाहीस.”