वरच्या खोलीतले साहेब

खामगावात आमच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने देतो, आणि ती नेहमी बँकेच्या साहेबांनाच जाते. बँक बदलते, साहेब बदलतो, त्याचं राज्य बदलतं. आजवर बिहारचे झाले, केरळचे झाले, ओडिशाचे झाले. प्रत्येक जण तीन वर्षांनी जिना उतरतो आणि पुढचा चढतो. पण या सगळ्यांत खरे 'साहेब' एकच, गुंटूरकडचे. कारण बाकीच्यांनी हिंदीवर दिवस ढकलले आणि यांनी मराठी शिकायचं ठरवलं. तेही घाटाखालच्या मुलखात, जिथं मराठी पुस्तकात एक आणि तोंडात दुसरीच.

साहेबांकडे दोनशे पानी वही होती. तीत तीन रकाने होते. पहिल्यात तेलुगू, दुसऱ्यात पुस्तकातली मराठी, तिसऱ्यात 'ऐकलेली मराठी'. तिसरा रकाना पहिल्या आठवड्यात रिकामा होता, महिनाभरात तोच सर्वांत भरगच्च झाला.

सराव पहाटे सहाला गच्चीवर चाले. साहेब एका टोकाला उभे राहून म्हणत, "नमस्कार. आपण कसे आहात?" मग चार पावलं चालून दुसऱ्या टोकाला जात आणि जरा जाड आवाजात उत्तर देत, "मी बरा आहे. आपण कसे आहात?" पहिल्या दिवशी आमची ही म्हणाली, "सायेबांकडे कोनी पाहुनं आलं वाटते," आणि तिनं चहा दोन कप टाकला.

या सरावात एकच खोट होती. दोन्ही बाजू साहेबच बोलत असल्यामुळे समोरचा माणूस नेहमी पुस्तकातलंच उत्तर देई. खामगावात तसा माणूस नव्हता. मी निवृत्त मराठी शिक्षक, पण "आपण कसे आहात" असं मला कुणी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा विचारलं नाही.

पहिली परीक्षा चहाच्या गाडीवर झाली. गाडीवाल्यानं विचारलं, "काय करून राह्यले सायेब?"

साहेबांनी मनातल्या मनात वही उघडली. 'राहणे' हे क्रियापद पाचव्या धड्यात होतं. आपण गुंटूरला राहता, मी खामगावला राहतो, असं. म्हणजे प्रश्न झाला, काय करून तुम्ही इथं राहता? साहेबांनी प्रामाणिक उत्तर दिलं, "भाडं देऊन राहिलो."

गाडीवाला दोन क्षण गप्प झाला. मग म्हणाला, "थे तं द्याच लागते." त्या दिवसापासून तो साहेबांना मान देऊ लागला. हा माणूस कमी बोलतो पण नेमकं बोलतो, असा त्याचा समज झाला. 'करून राह्यले' म्हणजे नुसतं 'करताय' एवढंच, हे मी संध्याकाळी सांगितलं. साहेबांनी ते तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि पुढे कंसात, 'राहण्याशी संबंध नाही'.

दुसरं प्रकरण जेवणाचं. दुपारी दीड ते साडेतीन या वेळात आमच्याकडे दोन माणसं भेटली की एक विचारतो, "जेवन झालं का?" साहेब या प्रश्नाला तपशीलवार उत्तर देत. "हो. दोन पोळी. वांग्याची भाजी. भात थोडा कमी पडला." विचारणारा तोवर चौकात पोचलेला असे. एकदा 'नाही' म्हणाले, तर समोरच्या बिचाऱ्यानं त्यांना हाताला धरून घरी नेलं आणि खरोखर जेवू घातलं. त्याच्या बायकोनं नंतर आमच्या हिला विचारलं, "तुमी त्यायले उपाशी ठेवता काय वं?"

मी साहेबांना म्हटलं, "तुमच्याकडे असं कोणी विचारत नाही का?"

"विचारतात ना. भोजनं अयिंदा?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"अयिंदि. म्हणजे, झालं."

"आणि झालं नसलं तर?"

"तरीपण अयिंदि. तो प्रश्न कुठे आहे सर? ते नमस्कार आहे."

बोलता बोलता ते थांबले. घरात ज्या वाक्याला आपण मान डोलावून पुढे जातो, तेच वाक्य परक्या भाषेत आलं की शिकणारा त्याचा एकेक शब्द सोलत बसतो. अर्थ लावायला एवढे कष्ट घेतल्यावर त्या वाक्याला अर्थच नाही, हे मानायला जीव धजत नाही. मी वहीत लिहून दिलं, 'उत्तर : हो, तुमचं? यापुढे काही बोलू नये.' साहेबांनी त्याखाली दोनदा रेघ ओढली.

जेवणाच्या वेळी ते आपली भाषा विसरले होते. निरोपाच्या वेळी मात्र त्यांनी ती जशीच्या तशी आणली. तेलुगूत निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'वेळ्ळोस्तानु' म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. मराठीतही 'जातो' म्हणणं अशुभ, एवढं त्यांना पुस्तकानं सांगितलं होतं. दोन्ही रीती सारख्याच निघाल्या म्हणून साहेब खूश होते. एका संध्याकाळी शेजारच्या वकिलांकडे बसले होते. चहा चुलीवर असताना उठले, हात जोडले, "जाऊन येतो" म्हणाले आणि वर येऊन झोपले. वकीलमंडळी सव्वा तास चहा गरम करत बसली. मराठीत 'येतो' म्हटलं की माणूस गेला, आणि 'जाऊन येतो' म्हटलं की खरंच परत येणार. हे त्या रात्री पावणेदहाला वकिलांनी दार वाजवून त्यांना समजावलं.

मला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो 'मी आली'चा. मी साहेबांना रोज अर्धा तास शुद्ध मराठी शिकवी. ते आमच्या हिच्याकडून दिवसभर फुकट शिकत. विदर्भातल्या बायका 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आली' म्हणतात. साहेब दारात उभे राहून खणखणीत आवाजात सांगत, "काकू, मी आली!" तेलुगूत 'नेनु वच्चानु' हे बाईही म्हणते आणि बाप्याही. 'मी'च्या क्रियापदातून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळतं, हा संशयच त्यांना कधी आला नव्हता. बचत गटाच्या बैठकीत त्यांनी "मी उशिरा आली, माफ करा" म्हटलं, तेव्हा चाळीस बाया पदर तोंडाला लावून बसल्या. त्या महिन्यात त्या गटाचा एकही हप्ता थकला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

"सर, ही लिंगं कशाला पाहिजेत?" साहेब वैतागून म्हणत. "खुर्ची ती, पंखा तो, पुस्तक ते. कोणाला फायदा?"

फायदा कळायला उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं. झालं असं, की आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. केळीची केयी, डाळीची दाय, शाळेची शाया. तेलुगू माणसाच्या जिभेवर मात्र 'ळ' जन्मापासून असतो. त्यामुळे आमच्या गल्लीत स्पष्ट 'ळ' म्हणणारे दोघंच, एक मी आणि दुसरे साहेब. केळीवाल्याला वाटे, दोघंही मास्तर.

एक दिवस बँकेत एक शेतकरी आला. म्हणाला, "सायेब, वावरात गाय टाकाचा हाय. कर्ज पायजे."

साहेबांना 'गाय' हा शब्द पक्का येत होता. त्यांनी दुधाळ जनावराचा अर्ज काढला आणि विचारलं, "किती?"

"चाळीस ट्राली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांपुढे चाळीस ट्रॉल्या गायी उभ्या राहिल्या असतील. शिपायानं उलगडा केला. 2017मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना सुरू झाली. तलावातला गाळ उपसून शेतात पसरतात, जमीन सुधारते. शेतकऱ्याला हवं होतं ते गाळ वाहून आणायचं भाडं. त्याच्या तोंडी 'गाळ' हा 'गाय' झाला होता.

साहेबांनी वहीत मोठ्या अक्षरात नियम लिहिला, 'य ऐकू आला की ळ समजावे.' नियम चांगला होता. शिकणाऱ्याला नियम सापडला की तो जिथं नको तिथंही लावतो, एवढीच त्यात अडचण. दुसऱ्या दिवशी दुसरा शेतकरी आला. "सायेब, गाय घ्याची हाय."

साहेब हसले. आता ते फसणार नव्हते. "हो, हो. कोणत्या तलावातली?"

शेतकऱ्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "तलावातली नाई जी, बजारातली."

"ट्रॉली किती?"

"एकच गाय हाय सायेब. ट्राली कायले? पायी आनीन."

त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली. गाय टाकाचा हाय. गाय घ्याची हाय. मी म्हटलं, "शब्द तोच आहे. आता शेवट बघा."

साहेब बराच वेळ पाहत राहिले. "टाकाचा. घ्याची." मग हळूच म्हणाले, "चा म्हणजे तो गाळ. ची म्हणजे ती गाय." खुर्ची ती आणि पंखा तो, यांचा फायदा कोणाला, याचं उत्तर कर्जाच्या टेबलावर मिळालं. कानानं नावाशी अडून बसू नये, क्रियापदाच्या शेपटापर्यंत थांबावं, मराठी आपला खुलासा तिथं करते. साहेबांनी नियम खोडला नाही, त्यापुढे फक्त लिहिलं, 'शेपूट पाहून'.

मग गच्चीवरचा सराव बंद झाला. त्याऐवजी साहेब रोज सकाळी केळीवाल्याकडे जात आणि एकच प्रश्न विचारत, "कशी देल्ली केयी?" प्रश्न ठरलेला असे, उत्तर रोज नवं मिळे. कधी भाव, कधी पावसाची तक्रार, कधी "काल तं घेतली न राजेहो!" दुसरी बाजू आता साहेबांच्या हातात नव्हती. त्यांची मराठी खरी सुधारली ती तिथं. माझ्या अर्ध्या तासानं काय केलं, ते विचारू नका.

तीन वर्षं झाली, बदली झाली, साहेब गुंटूरकडे गेले. वही घेऊन गेले.

परवा रविवारी दुपारी फोन आला. "सर, राम राम. जेवन झालं का?"

इतक्या दिवसांनी आवाज ऐकून मला भरून आलं. मी म्हटलं, "कुठलं हो साहेब! हिची तब्येत बरी नाही, सकाळपासून नुसत्या खिचडीवर आहे, आणि तीही खाली लागली..."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग साहेब सांभाळून घेत, शिकवल्यासारखे म्हणाले, "सर, त्याचं उत्तर 'हो, तुमचं?' एवढंच असतं."