सहसंबंध जमवावा कसा? अंबरनाथ पूर्वेच्या नर्सिंग विद्यार्थिनींसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ज्यांचा सिनॉप्सिस मंजूर झाला आहे, गाईड मॅडमनी 'आता काय, नुसतं स्टॅटिस्टिक्सच राहिलंय' असा धीर दिला आहे आणि ज्यांचं सबमिशन शनिवारवर आलं आहे, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. विषय आपला नेहमीचाच: परिचारिकांवरचा कामाचा भार आणि त्यांचा मानसिक ताण. तुमच्या आधीच्या बॅचनं हाच घेतला होता. त्यांच्या आधीच्या बॅचनंही.

पहिली पायरी सोपी आहे. निष्कर्ष आधी टाइप करून घ्या: 'कामाचा भार आणि ताण यांच्यात लक्षणीय धन सहसंबंध आढळला.' आकड्यापुरती जागा मोकळी सोडा. काही आगाऊ मुली म्हणतील की निष्कर्ष शेवटी लिहायचा असतो. त्यांचं बाइंडिंग अजून झालेलं नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरी पायरी आकडे आणण्याची. कल्पना करा की स्टेशनातून पूर्वेला उतरून शिवमंदिराकडे जाताना एक खासगी रुग्णालय लागतं. तिथल्या आठ सिस्टरना तुम्ही दोन गोष्टी विचारल्या: आजच्या ड्यूटीत किती रुग्ण पाहिले आणि ताण किती. रुग्णालय कल्पित आहे, आकडेही शिकवण्यापुरते रचलेले आहेत. ते उचलून स्वतःच्या प्रबंधात घालण्याआधी एवढा विचार करा, की ही मार्गदर्शिका गाईड मॅडमही वाचणार आहेत.

ताण मोजायला शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली ताणमापन श्रेणी घेऊ, तिचं दहा प्रश्नांचं रूप. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ४०. यातले चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न सरळ नाहीत. 'सगळं आपल्या मनासारखं चाललंय असं वाटलं का' अशा वळणाचे आहेत, म्हणून त्यांचे गुण उलटे करून घ्यायचे असतात. आपल्या घाईच्या पद्धतीत हे काम टाळता येतं. मग काय होतं? जिला अजिबात ताण नाही, तिची बेरीज ० च्या ऐवजी १६ होते आणि जी पार पिचली आहे, तिची ४० च्या ऐवजी २४. सगळ्या सिस्टर मधल्या अरुंद पट्ट्यात कोंबल्या जातात आणि सहसंबंध पातळ होतो. ही चूक पकडायची तर प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या नऊ प्रश्नांच्या बेरजेशी सहसंबंध काढून पाहा. नेमके तेच चार प्रश्न ऋण दिसले, तर गुण उलटायचे राहिलेत.

आता आकडे. रुग्ण ६ असलेल्या सिस्टरचा ताण १३, रुग्ण ८ असलेलीचा १९. चौघींकडे प्रत्येकी १० रुग्ण होते. त्यांचे ताण १५, २४, २२ आणि १७. मग रुग्ण १२, ताण २५. शेवटी रुग्ण १४, ताण २५. सरासरी काढलीत तर रुग्णांची १० आणि ताणाची २० येते. इतकी गोल सरासरी खऱ्या वॉर्डात येत नाही. तुमची आली, तर परीक्षक तुमच्याकडे जरा वेळ बघतील.

तिसरी पायरी गणिताची. ती एकदा तरी हातानं करा, कारण आकडा कुठून येतो ते तिथेच दिसतं. प्रत्येक सिस्टर सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा. पहिली रुग्णांत ४ नं खाली आणि ताणात ७ नं खाली. दोन्ही उणे, म्हणून गुणाकार अधिक २८. दुसरीचा २. शेवटच्या दोघींचे १० आणि २०. मधल्या चौघी रुग्णांच्या सरासरीवरच बसल्या आहेत, त्यामुळे त्यांचा ताण काहीही असो, गुणाकार शून्य. एकूण ६०. ज्या दोन्ही बाबतींत एकाच बाजूला झुकतात, त्या ही बेरीज वाढवतात. एकीत वर आणि दुसरीत खाली असणाऱ्या ती घटवतात. कोरिलेशनचं सगळं मर्म एवढंच.

पण ६० म्हणजे मोठे की छोटे? ते एककांवर अवलंबून आहे, म्हणून भाग द्यायचा. रुग्णांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४० येते, ताणाच्या फरकांची १५४. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ सुमारे ७८.५. ६० भागिले ७८.५ म्हणजे ०.७६. हाच आपला 'आर'. तो उणे १ ते अधिक १ यांच्या बाहेर कधीच जात नाही. तुमचा १.३ आला असेल, तर तो शोध नाही, बेरीज चुकली आहे.

आठ जणींच्या नमुन्यात आर ०.७०७ च्या पुढे गेला, की पाच टक्क्यांच्या पातळीवर 'लक्षणीय' म्हणायची परवानगी मिळते. आपला ०.७६ आहे, पी सुमारे ०.०३. पहिल्या पायरीतली मोकळी जागा भरा आणि चहाला जा.

चहा घेऊन आलात की एक्सेल उघडा. ब रकान्यात रुग्ण, क रकान्यात ताण (एक्सेलमध्ये ते B आणि C) भरा आणि हे टाइप करा:

```
=CORREL(B2:B9,C2:C9)
=SLOPE(C2:C9,B2:B9)
=INTERCEPT(C2:C9,B2:B9)
```

दुसऱ्या ओळीत ताणाचा रकाना आधी आला आहे, ते मुद्दाम. कोरिलेशनला कोण आधी, कोण नंतर याचं काही वाटत नाही. रिग्रेशनला वाटतं, कारण तिथे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा असतो. योग्य क्रमानं उतार ६० भागिले ४०, म्हणजे १.५ येतो. रकाने उलटे दिले तर ६० भागिले १५४, म्हणजे ०.३९. एक्सेल तक्रार करत नाही, मुकाट्यानं ०.३९ देतं. तो ताणावरून रुग्णसंख्येचा अंदाज आहे आणि त्याची गरज रुग्णालयात कुणालाच नाही. या दोन उतारांचं आरशी एक नातं आहे: दोन्ही क्रमांचे उतार गुणले की आरचा वर्ग येतो. इथे १.५ गुणिले ०.३९ म्हणजे ०.५८, आणि ०.७६ चा वर्गही तेवढाच.

आपली रेषा तयार झाली: ताण बरोबर ५ अधिक १.५ गुणिले रुग्ण. एक रुग्ण वाढला की ताणाचा अंदाज दीड गुणानं वाढतो. या रेषेचं आता काय करायचं? मार्गदर्शिकेचं उत्तर आहे: हवं ते. नाइटला एकटी सिस्टर २५ रुग्ण सांभाळते असं ऐकलंय ना? रेषेत २५ घाला. ताण ४२.५ येतो, आणि श्रेणी संपते ४० ला. रेषा बिचारी ६ ते १४ रुग्ण पाहून काढलेली आहे. त्या पलीकडे तिला काहीच ठाऊक नाही. तीच गोष्ट ५ या आकड्याची. तो 'एकही रुग्ण नसलेल्या सिस्टरचा ताण' नव्हे, कारण तसली सिस्टर आपल्या नमुन्यात नव्हती.

दीड हा आकडाही फार घट्ट धरू नका. आठच जणी असल्यामुळे त्याचं ९५ टक्के विश्वासांतर सुमारे ०.२४ ते २.७६ आहे. चार रुग्ण वाढवले तर ताण एकाच गुणानं वाढेल किंवा अकरा गुणांनी, दोन्ही या आकड्यांशी सुसंगत आहे. 'लक्षणीय' हा शब्द छापताना हे अंतर शेजारी छापलं, तर वाक्याची ऐट जरा उतरते. म्हणून बहुतेक प्रबंधांत ते सापडत नाही.

आता त्या मधल्या चौघी. प्रत्येकीकडे दहाच रुग्ण, रेषा चौघींनाही २० सांगते, प्रत्यक्षात एक १५ वर आहे आणि एक २४ वर. समजा १५ वाली कानसईत राहते आणि ड्यूटी संपली की चालत घरी जाते. २४ वाली कर्जतहून येते, सलग नाइट करून सकाळच्या लोकलनं परत जाते. रेषा आणि सिस्टर यांच्यातल्या या फरकाला अवशेष म्हणतात. विद्यार्थिनी तो रकाना लपवून टाकतात, पण अभ्यासाचा पुढचा प्रश्न तिथेच बसलेला असतो. आरचा वर्ग ०.५८, म्हणजे ताणातल्या फरकांपैकी ५८ टक्के फरक रुग्णसंख्येशी जुळतो. उरलेले ४२ टक्के कानसई, कर्जत, नाइट आणि इतर बऱ्याच गोष्टींत विखुरलेले आहेत.

चौथी पायरी नाजूक आहे. समजा नववी सिस्टर सापडली: रुग्ण २०, ताण ८. ती यादीत आली की आर ०.७६ वरून थेट उणे ०.२४ वर घसरतो. टाइप करून ठेवलेला निष्कर्ष उलटा होतो. आमच्या घाईच्या पद्धतीप्रमाणे तिला 'आउटलायर' म्हणावं आणि गाळावं. गाळण्याआधी तिला फक्त एवढंच विचारा की वीस रुग्ण कसले. ती सांगेल की तिची ड्यूटी बाह्यरुग्ण विभागात होती: ड्रेसिंग, इंजेक्शन, घरी पाठवा. बाकीच्या आठ जणींचे दहा म्हणजे सलाइन, कॅथेटर, दर दोन तासांनी कूस बदलणं आणि नातेवाईकांचे प्रश्न. म्हणजे बिघाड नवव्या सिस्टरमध्ये नाही, आपल्या मापात आहे. आपण भार मोजलाच नव्हता, डोकी मोजली होती. वॉर्डातल्याच सिस्टर घ्यायच्या हे आधी ठरवून प्रबंधात लिहिलं असतं, तर ती नियमानंच बाहेर राहिली असती. निकाल पाहून तिला बाहेर काढणं ही वेगळी गोष्ट, आणि तिला सोज्वळ नाव नाही.

हे सगळं कळायला एक आलेख पुरतो. आडव्या अक्षावर रुग्ण, उभ्यावर ताण, प्रत्येक सिस्टरचा एक ठिपका. फ्रान्सिस ॲन्स्कम्बनं १९७३ मध्ये चार छोटे आकडेसंच रचून दाखवले होते. चौघांचा आर ०.८२, चौघांची रेषा जवळजवळ एकच, पण आलेखावर एक साधा तिरका, एक वक्र, एक एकाच ठिपक्यानं वाकवलेला आणि एक निव्वळ एका ठिपक्यावर उभा. म्हणून ठिपके आधी, आर नंतर. घाईच्या पद्धतीत हा क्रम उलटा असतो. आलेख रंगीत प्रिंटसाठी शेवटी काढतात.

पाचवी पायरी, 'कारणीभूत' हा शब्द वापरणं. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिच्या 'बर्नआउट'च्या शक्यतेचं गुणोत्तर २३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. त्यासाठी परिचारिकांची आणि रुग्णालयांची इतर वैशिष्ट्यं हिशेबात घ्यावी लागली, आणि तरीही तो एका वेळचा फोटो आहे, पाठपुरावा नाही. तुमच्या आठ सिस्टर एकाच दिवशी भेटल्या आहेत. ज्यांना ताण सोसवत नाही त्यांना इन्चार्ज सिस्टर आधीच कमी रुग्ण देत असतील, तर बाण उलटाही फिरतो. ज्या सर्वांत थकल्या होत्या त्या त्या दिवशी रजेवर असतील, तर त्या यादीतच नाहीत. 'संबंध आढळला' एवढं लिहिलंत तर एकेन यांच्यापेक्षा कमी धाडस होईल, ते चालेल.

व्हायवात बाह्य परीक्षक आरचं सूत्र क्वचितच विचारतात. ते विचारतात, 'भार कसा मोजला?' त्यामुळे अजून आकडे गोळा करायचे असतील, तर वहीत एक रकाना वाढवा आणि हॅण्डओव्हरच्या वेळी प्रत्येक रुग्ण स्वतः उठतो, आधार लागतो की पूर्ण अंथरुणावर आहे, एवढं टिपून घ्या. हे गुरुवारपर्यंत होणार नसेल, तर निष्कर्षातला 'कामाचा भार' खोडून तिथे 'रुग्णसंख्या' लिहा.