खर्रा थुका, मंग बोला

हिंगण्यात एखाद्याची पॅन्ट कमरेत सैल दिसली, तर माणूस आजारातून उठला असेल असं समजू नये. त्यानं ती आमच्या मास्टरकडे शिवायला टाकली होती, एवढंच.

मास्टरचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा माणूस तुमच्या गावातही आहे. गळ्यात टेप, समोर वही, ‘सोमवारी नक्की’ हे ब्रीदवाक्य, आणि कानावर पेन्सिल. गेल्या काही वर्षांत त्या कानाचा तेवढाच उपयोग उरला होता.

हे मास्टरला मान्य नव्हतं. त्यांच्या मते त्यांचे कान शाबूत होते आणि बिघाड गावाच्या तोंडात होता. तुम्ही काही सांगितलं की मास्टर मशीन थांबवत, चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “खर्रा थुका, मंग बोला.”

नागपूरकडच्या वाचकांना खर्रा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घासून घासून एकजीव केलेला, कागदोपत्री बंदी असलेला आणि टपरीटपरीवर मिळणारा हा पदार्थ गालात धरला की माणूस बोलत नाही, गुरगुरतो. मास्टरच्या गिऱ्हाइकांत अर्धे तरी गुरगुरणारे. म्हणून तर त्यांचं बहिरेपण इतकी वर्षं पकडलं गेलं नाही. गिऱ्हाईक मुकाट्यानं बाहेर जाई, थुंके, परत येई आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणे. मोठ्यानं म्हटलेलं थोडंफार कळे, आणि मास्टरचा सिद्धांत पुन्हा एकदा सिद्ध होई.

पण मग ते कोणालाही थुंकायला लावू लागले. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या बुवांना लावलं. पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी पांढरी पॅन्ट शिवायला आलेल्या मुख्याध्यापकांना लावलं. ते बिचारे व्यसनमुक्तीवरच बोलणार होते. एका आजीबाईंनी ब्लाउजचा गळा ‘मागून बंद’ सांगितला; उत्तर तेच. आजीबाईंच्या तोंडात खर्राच काय, दातही नव्हते. मी स्वतः उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड खाल्लेलं नाही, तरी या दुकानापुरता मी खर्रेबहाद्दर होतो. सुरुवातीला मी वाद घालायचो. मग कंटाळलो. बाहेर जायचो, रस्त्याकडे बघत उगाच थू करायचो आणि परत यायचो. मास्टर समाधानानं मान हलवत.

आता कमरेचं प्रकरण. मास्टरच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून माप हाताखालचा पोट्टा घेतो आणि आकडे ओरडतो. मास्टर वहीत लिहितात. पोट्टा खाली वाकून, गिऱ्हाइकाच्या पोटाशी तोंड नेऊन ओरडतो, “कंबर बत्तीस!” मास्टरच्या कानावर पडतं ते ‘अत्तीस’सारखं काहीतरी. म्हणजे बत्तीस, पस्तीस की छत्तीस? पुन्हा विचारायचं तर अब्रूचा प्रश्न. अशा वेळी मास्टर धंद्यातला जुना नियम लावत: मोठं कापलं तर आत घेता येते, लहान कापलं तर कापड कुठून आणता? ते छत्तीस लिहीत. दोन-तीन वर्षं हिंगण्याच्या कमरा अशा सरसकट चार इंचांनी वाढल्या. मग प्रत्येक पॅन्ट उसवून आत घ्यायची, आणि त्याचे पैसे मास्टर कधीच घेत नसत. एका शिलाईत दोन शिलाया. तरी चूक पोट्ट्याची. “तोंडात खर्रा धरून माप सांगते साला.”

२०२० साली सगळंच बिनसलं. तोंडाला मास्क आले आणि मास्टर पार कोलमडले. तोवर समोरासमोर बोललं की त्यांचं भागायचं. ते ऐकत नव्हते, ओठ वाचत होते, आणि याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती. कापडानं ओठ झाकले आणि वर उरलासुरला आवाजही दाबला. गंमत म्हणजे गावातले निम्मे मास्क मास्टरनंच शिवलेले. दुपदरी, सुती, बिनमोल. ज्यानं मागितला त्याला दिला. आपल्या कानांवरचं झाकण त्यांनी असं स्वतःच्या हातानं शिवून वाटलं.

कान तपासा असं सांगणारे पुष्कळ झाले. मास्टरचं उत्तर तयार होतं: “मले ट्रकचा हॉर्न ऐकू येते, ढोल ऐकू येते, बायको काय म्हन्ते तेही ऐकू येते. मंग?” शेवटचा दावा बायकोनं तिथल्या तिथे खोडला.

त्यांना हलवलं ते नातीनं. चार वर्षांची पोर दुकानात येऊन काही सांगत होती. बहुधा मांजरीचं. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मास्टर सवयीनं बोलून गेले, “बेटा, खर्रा थुक, मंग बोल.” पोरीनं विचार केला आणि आऽ करून तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. मग ती पोट्ट्याकडे वळली आणि त्याला मांजरीचं सांगू लागली. त्यानंतर ती दुकानात आली की सरळ पोट्ट्याशीच बोलायची. आबाजीला फक्त खुणा करायची. आठवडाभरानं मास्टरनं मला हळूच विचारलं, “भाऊ, ते तपासतेत, तं कानात सुई घालतेत का?”

डॉक्टरांकडच्या पहिल्या खेपेला आम्ही हात हलवत परत आलो. आदल्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला मास्टर नागपूरला गेले होते आणि डीजेच्या गाडीमागे दुपारभर उभे होते. मोठ्या आवाजानं कान काही काळ सुन्न होतात, त्या अवस्थेत केलेलं माप खोटं येतं, म्हणून दोन दिवस शांत बसून या, असं डॉक्टर म्हणाले. ओल्या कापडाचं माप घेत नसतात, हे मास्टरला बरोबर पटलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आधी कानात उजेड टाकून बघितलं. मळ निघाला. मास्टर खूश झाले. त्यांना वाटलं, खर्रा सापडला. पण मळ काढूनही ‘अत्तीस’ ते ‘अत्तीस’च. मग आवाजबंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटन. काचेपलीकडच्या मुलीनं सांगितलं, टूंऽ आवाज कितीही बारीक आला तरी बटन दाबायचं. बटन म्हटल्यावर मास्टर निर्धास्त. त्यांनी दाबायला सुरुवात केली ती इतकी की आवाज यायच्या आधीच दाबू लागले. मुलगी हसली, उठली आणि तिनं त्यांची खुर्ची फिरवली. मास्टर तिच्या हाताची हालचाल बघून दाबत होते! ओठ वाचायची सवय हातापर्यंत पोचली होती. पुढे तिनं आवाजांमधलं अंतरही कमी-जास्त केलं, म्हणजे तालावर दाबता येऊ नये.

माप घेण्याची तिची रीत मास्टरला फार आवडली. ऐकू आलं की आवाज दहा डेसिबलनं उतरवायचा. ऐकू येईना झालं की पाच-पाचनं चढवायचा. ज्या पायरीवर माणूस चढताना पुन्हा पुन्हा सापडतो, ती त्याची पायरी. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत प्रत्येकाची अशी पायरी काढून कागदावर खूण करतात, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. शेवटी कानामागच्या हाडावर एक थरथरणारी डबी ठेवून तेच पुन्हा. हाडावाटेही तितकंच कमी आलं, म्हणजे वाटेत बूच नाही. आतल्या नसेकडचा मामला आहे, आणि तो थेंब टाकून सुधारत नाही.

कागद बघितला आणि मास्टरचं सगळं चरित्र समोर आलं. जाड आवाजांना कान जवळजवळ चांगला: हजार हर्ट्झपर्यंत पंचवीस डेसिबल. म्हणून ढोल ऐकू येतो, हॉर्न ऐकू येतो. दोन हजारला चाळीस. चार हजारला रेघ खड्ड्यात पडावी तशी सत्तरवर. स्वर जाड असतात, ते पोचतात. छ, स, श, त ही व्यंजनं बारीक आणि दुबळी, ती वाटेतच गळतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. म्हणून बायकापोरांचे बारीक आवाज आधी जातात. ‘ब’ला ओठ मिटतात, ‘छ’ला मिटत नाहीत, त्यामुळे तोंड दिसलं असतं तर छत्तीस नाही एवढं तरी कळलं असतं, पण पोट्टा वाकलेला.

मुलीनं रेघेच्या शेवटावर बोट ठेवलं. आठ हजारला रेघ परत वर चढून पंचावन्नला आली होती. “नुसत्या वयानं कान गेले असते तर रेघ शेवटपर्यंत उतरत गेली असती. चार हजारला खड्डा आणि पुढे चढ, हे बहुतेक गोंगाटाचं लक्षण. आधी कुठे काम करायचे?”

मास्टर गप्प. मग म्हणाले, एमआयडीसीत. पत्र्यावर ठप्पा मारणाऱ्या प्रेसवर, चौदा वर्षं. कंपनी बंद पडली तेव्हा वडिलांची मशीन पुसून ते शिवायला बसले. कानात काय घालायचे? “कापूस.” नुसता कापूस अशा आवाजापुढे जवळपास काहीच करत नाही. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा होती, आणि गोंगाटानं येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, नोंद करायच्या रोगांच्या यादीत बसलेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. चौदा वर्षांत त्यांच्या कानात कोणी डोकावलं नव्हतं. “आमी तिथं खुणांनीच बोलायचो,” मास्टर म्हणाले. “घरी गेल्यावर कान सुंई करायचे. वाटायचं, झोपलं की उतरते.” बराच काळ ते उतरतही होतं. नंतर उतरेनासं झालं, आणि हे कळेपर्यंत ते शिंपी झाले होते.

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या सैल पॅन्टचा राग आला नाही. ऐकू न आलेल्या प्रत्येक आकड्याची भरपाई हा माणूस पदरच्या शिलाईनं करत होता, आणि आम्ही त्याच्या दुकानाबाहेर थुंकून हसत होतो.

कानातल्या गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. यंत्र लावून उरलेल्याचं काम भागवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही कानांना लावा, आणि विकत घेण्याआधी लावून बघा. मास्टरनं डोळे बारीक केले. “ट्रायल कधी?” सोमवारी, असं उत्तर आलं. उभ्या आयुष्यात सोमवारी ट्रायल न दिलेल्या माणसानं विचारलं, “नक्की?”

सोमवारी ट्रायल झाली. दुकानात पहिले दोन दिवस मशीनच्या खडखडाटानं त्यांचं डोकं उठलं. मेंदूलाही विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. बत्तीस-छत्तीसची अजूनही कधी गल्लत होते. म्हणून पोट्टा आता सरळ उभा राहून, मास्टरकडे तोंड करून आकडा सांगतो. नातीनं मांजरीचं पुन्हा सांगितलं नाही. मांजर आता जुनी झाली. सध्या कुत्र्याचं चालू आहे.

हिंगण्याच्या शेडांमध्ये प्रेसवर, ग्राइंडरवर, हातोड्याखाली वर्षं काढलेल्यांनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन एवढंच म्हणावं: ऑडिओमेट्री करा. अर्धा-पाऊण तास लागतो, सुई टोचत नाहीत. आदल्या दिवशी गोंगाटात जाऊ नका, आणि कागद मागून घरी ठेवा.